पावसाळ्यात शटरचे सांधे उघडतात, उन्हाळ्यात पॅनल तडकतं: कुठून तपासायला लागायचं

"मिस्त्री, मेमध्ये बसवलेलं कपाटाचं शटर कोपऱ्यात उघडलंय." साताऱ्यात जुलै लागला की असे फोन सुरू होतात. पुढच्या एप्रिलमध्ये तिसऱ्याच घरून फोन येतो की पॅनल मधोमध तडकलं. वीसेक वर्षं मी ही दोन्ही दुखणी दुरुस्त करतोय, आणि दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते: पॅनलला फुगायला-आकसायला जागा नव्हती, किंवा जागा होती पण कोणीतरी ते चिकटवून टाकलं होतं.

मी बोलतोय ते भरीव लाकडी पॅनलच्या शटरबद्दल. दोन उभ्या आणि दोन आडव्या पट्ट्यांची फ्रेम, पट्ट्यांच्या आतल्या कडेला खाच, त्या खाचेत सैल बसलेलं पॅनल (जुने लोक दिलहा म्हणतात), आणि आडव्या पट्टीच्या टोकाला त्याच खाचेत शिरणारं आखूड कुसू. त्यालाच हल्ली सगळे स्टब टेनन म्हणतात. पॅनल प्लायचं किंवा एमडीएफचं असेल तर पुढचं सगळं तुम्हाला लागू नाही. ते हवेनुसार जवळजवळ हलत नाही, खुशाल चिकटवा.

लक्षणं

शटर समोर ठेवा आणि यातलं काय दिसतंय ते बघा.

- आडवी आणि उभी पट्टी मिळते तिथे, म्हणजे कुसवाच्या खांद्याशी, फट आहे. फट वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची असेल तर पॅनल उभ्या पट्ट्यांना बाहेर ढकलतंय. फट पाचरीसारखी, एका टोकाला जास्त असेल तर दोष वेगळा: शटर गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही किंवा बिजागरीवर लोंबतंय. ते दुखणं या लेखातलं नाही.
- सांधे घट्ट आहेत, पण उभी पट्टी मधे बाहेरच्या बाजूला फुगली आहे आणि शेजारच्या शटरला फक्त मध्यावर घासते.
- पॅनल रेषेने, तंतूंच्या दिशेने तडकलंय. बऱ्याचदा मधोमध किंवा दोन फळ्या जोडल्या तिथे.
- पॅनलच्या एकाच बाजूला बिनपॉलिशची फिकी पट्टी उघडी पडली आहे, दुसऱ्या बाजूला काही नाही. म्हणजे पॅनल एका बाजूला अडकलंय आणि सगळं आकसणं दुसऱ्या बाजूने झालंय.
- दोन्ही बाजूंना सारखी फिकी पट्टी आहे. हा दोष नाही, शाबासकी आहे. पॅनल मोकळं आहे, फक्त पॉलिश बसवल्यानंतर मारलं होतं.

पहिली तपासणी: टेप (खर्च शून्य)

शटरची रुंदी तीन ठिकाणी मोजा: वर, मध्यावर, खाली. नुसतं "पावसात फुगलं" म्हणून रंधा चालवायच्या आधी हे कराच, कारण फुगणं दोन प्रकारचं असतं आणि एकात काहीच बिघडलेलं नसतं.

फ्रेमच्या पट्ट्याही लाकडाच्याच. सव्वादोन इंची दोन उभ्या पट्ट्या मिळून साडेचार इंच सागवान होतं, आणि मे ते ऑगस्टमध्ये ते साधारण एक मिलिमीटर फुगतं. म्हणून तिन्ही ठिकाणी रुंदी सारखीच एखादा मिलिमीटर वाढली असेल आणि खांदे मिटलेले असतील, तर शटर ठणठणीत आहे. दोन शटरांमधली फट कमी ठेवली होती, एवढीच चूक. मध्यावरची रुंदी वर-खालपेक्षा जास्त भरली, किंवा खांदे उघडून सगळीकडेच दोन-तीन मिलिमीटर वाढली, तर पॅनल ढकलतंय.

उंचीकडे लक्ष द्यायची गरज नाही. लाकूड तंतूंच्या दिशेने लांबीत इतकं कमी हलतं की शटरच्या मापात ते दिसतही नाही. सगळा खेळ आडव्या रुंदीचा आहे.

दुसरी तपासणी: दोन तळवे

शटर कपाटावरच राहू द्या. पॅनलवर दोन्ही तळवे घट्ट ठेवा आणि डावीकडे सरकवायला बघा, मग उजवीकडे. मागच्या बाजूला उभ्या पट्टीला टेकून पॅनलवर बारीक पेन्सिलने रेघ मारा, मग ढकला. रेघ पट्टीपासून किती सरकली ते बघा. डावीकडच्या टोकापासून उजवीकडच्या टोकापर्यंत पॅनल जेवढं सरकतं तेवढीच आत एकूण मोकळी जागा आहे. शटर न उघडता ही जागा मोजायचा मला तरी दुसरा मार्ग माहीत नाही.

आता यातला खरा उलगडा. ही तपासणी कोणत्या महिन्यात करता यावर उत्तराचा अर्थ बदलतो. मेमध्ये पॅनल सर्वात आकसलेलं असतं. तेव्हाही ते जागचं हलत नसेल तर ते *अडकलंय*: गोंद, पॉलिश किंवा खिळा. मेमध्ये हलतं पण ऑगस्टमध्ये हलत नाही आणि सांधे उघडतात, तर ते *दाटलंय*: पॅनल रुंद कापलं गेलं किंवा खाच उथळ पडली. अडकलेलं बहुतेकदा ब्लेडने सुटतं. दाटलेल्याला शटर उघडावंच लागतं.

तक्रार जुलैत आली तर मेपर्यंत थांबता येत नाही, हे मान्य. मग पुढच्या तीन तपासण्यांनी अडकल्याची कारणं एकेक करून बाद करायची. तिन्ही साफ निघाल्या तर दाटलंय असं समजायचं.

एक मधलं उत्तरही मिळतं: पॅनल वरच्या अंगाला हलतं, खाली हलत नाही. म्हणजे खालच्या एखाद्या कोपऱ्यात गोंद आहे. बोटाच्या पेराने चारही कोपऱ्यांवर टकटक करा. मोकळा कोपरा किंचित खडखडतो, चिकटलेला भरीव वाजतो. हे कानाला सवय लागल्यावरच कळतं, पण चार कोपरे एकमेकांशी ताडून ऐकले तर नवख्यालाही फरक जाणवतो.

तिसरी तपासणी: चुंबक

याला लोक हसतात, पण माझी पाच मिनिटं कितीदा वाचली आहेत. पॅनल खडखडतं म्हणून आधीच्या कोणीतरी मागून पट्टीतून पॅनलमध्ये बारीक खिळे मारलेले असतात आणि वर पुट्टीसारखी लांबी भरून पॉलिश केलेलं असतं. डोळ्याला दिसत नाहीत. स्पीकरमधलं जुनं चुंबक फ्रेमच्या आतल्या कडेने फिरवा.

खिळा आडव्या पट्टीच्या बरोबर मध्यावर असेल तर राहू द्या. तो चांगला खिळा आहे. पॅनल मध्यावर धरून ठेवतो आणि ते दोन्ही बाजूंना सारखं फुगतं. उभ्या पट्टीत दोन्ही बाजूंना खिळे निघाले तर उन्हाळ्यातल्या तड्याचं कारण सापडलं. पक्कडने ओढता आले तर ओढा, नाहीतर बारीक पंचने ठोकून पॅनलच्या पार करा.

चौथी तपासणी: पॉलिशचा पापुद्रा

हल्ली हेच सर्वात जास्त सापडतं. शटर जोडून झाल्यावर त्यावर पीयू किंवा मेलामाइनचे तीन-चार हात फवारले की पॅनल आणि फ्रेम यांच्यातल्या बारीक कोनात पॉलिश साचतं आणि वाळून कडक होतं. फ्रेंच पॉलिश पातळ आणि ठिसूळ, ते आपसूक तुटायचं. पीयू तुटत नाही, ते धरून ठेवतं.

कटरचं नवं ब्लेड घ्या. ब्लेड पॅनलच्या अंगाला सपाट टेकवून, पॅनल जिथे खाचेत शिरतं त्या रेषेवरून चारही बाजू फिरवा, पुढून आणि मागूनही. जोर लावू नका, दोन-तीन हलके हात पुरेत. घाईत ब्लेड फ्रेमवर चढलं तर ओरखडा कायमचा राहतो. मग पुन्हा तळव्याची तपासणी करा. कितीतरी वेळा एक बारीक "टक्" आवाज येतो आणि पॅनल सरकतं. तो आवाज आला की काम तिथेच संपलं. कोपऱ्याच्या फटी पाऊस सरल्यावर बऱ्याच प्रमाणात आपोआप मिटतात.

तरीही मिटल्या नाहीत तर फटीत लांबी भरायची घाई करू नका. सांध्याचा गोंद सुटला आहे का ते आधी बघायला हवं. शटर उभं धरून कोपरा हाताने उघडझाप करून बघा. हालचाल जाणवली तर सांधा मेलाय.

पाचवी तपासणी: कोपऱ्यातला गोंद

इथे थोडं थांबून सांध्याची रचना समजून घेऊ, कारण ती कळली की गोंद नेमका तिथेच का जातो हे सांगावं लागत नाही.

आडव्या पट्टीच्या आतल्या कडेला खाच आहे आणि ती पट्टीच्या टोकापर्यंत सरळ निघते. कुसवाची जाडी खाचेच्या रुंदीएवढीच असते. म्हणजे कुसवाचा आतला भाग, खाचेच्या खोलीएवढा, खाच काढतानाच कापला जातो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पट्टी सव्वादोन इंच रुंद आणि खाच तीन सूत खोल असेल तर कुसू उरतं पावणेदोन इंच आणि वर एक सूत. जो तुकडा गेला त्या जागेत काय येतं? पॅनलचा कोपरा. कुसवाची आतली कड आणि पॅनलचा कोपरा एकाच खाचेत समोरासमोर असतात, मधे भिंत नाही. कुसवाला ब्रशभर फेव्हिकॉल लावून क्लॅम्प आवळला की जादा गोंदाला बाहेर पडायला तोच रस्ता आहे. चार कोपरे, चार चिकटलेले ठिपके, आणि पॅनल चारही बाजूंनी बांधलं गेलं.

तपासायला पातळ पोलादी पट्टी लागते. हॅक्सॉचं तुटकं ब्लेड, दात घासून टाकलेलं, उत्तम चालतं. पॅनल आणि खाचेच्या ओठाच्या मधे, कोपऱ्यापासून चार इंचावर ते घाला आणि कोपऱ्याकडे सरकवत न्या. मोकळं असेल तर कोपऱ्यापर्यंत जातं. गोंद असेल तर साधारण अर्ध्या इंचावर ठक्क अडतं. पुढून आणि मागून दोन्हीकडून बघा. ब्लेड पुढे-मागे करत गोंदाचा पातळ थर कापता येतो आणि निम्म्या वेळा एवढ्यानेच सुटतं. पॅनल खाचेत इतकं घट्ट आहे की ब्लेडच शिरत नाही, तर जबरदस्ती नको. खाचेचा ओठ जेमतेम दोन सुतांचा असतो, फुटतो.

गोंद कोपऱ्यात नसून खाचेच्या सबंध लांबीत लागला तर तो चुकून आलेला नाही, मुद्दाम लावलेला आहे. "आखूड कुसवावर शटर टिकायचं नाही, पॅनलही चिकटवू म्हणजे मजबुती येईल" हा हिशेब मी चांगल्या कारागिरांच्या तोंडून ऐकलाय. प्लायच्या पॅनलला तो अगदी बरोबर आहे, भरीव पॅनलला जीवघेणा. अशा शटरचं पॅनल वाचवायच्या फंदात पडू नका.

सहावी तपासणी: पॅनल दाटलंय का

वरचं सगळं साफ निघालं तर आकडेमोड. एका घराची गोष्ट मापांसकट सांगतो.

महाबळेश्वरच्या बाजूच्या मेढ्याजवळच्या एका घरात मेमध्ये अकरा शटरं बसली. सगळी सागवानाची, सगळी एका मापाची: १८ इंच रुंद, पट्ट्या सव्वादोन इंच, सहा सूत जाड, खाच दोन सूत रुंद आणि तीन सूत खोल. जुलैअखेर चारांचे सांधे उघडले, सात ठीक. त्या घरच्या काकूंचं म्हणणं, चार शटरं नळाजवळची असणार. तसं नव्हतं, एक तर पार माळ्यावरचं होतं.

चार आणि सात यांत फरक पॅनलच्या नक्षीत होता. उघडलेल्या चारांवर डोंगर-डोंगर नक्षी होती, म्हणजे फळी ओंडक्याच्या कडेतून सपाट चिरलेली. बाकी सातांवर सरळ उभ्या रेघा होत्या. डोंगरांच्या फळीची रुंदी वर्षवलयांच्या बाजूने जाते, सरळ रेघांच्या फळीची वलयांना आडवी. सागवान ओलं असताना ते पूर्ण वाळेपर्यंत पहिल्या दिशेत सुमारे ५.८ टक्के आकसतं, दुसऱ्या दिशेत सुमारे २.५ टक्के. दुपटीहून जास्त.

आता जागेचा हिशेब. शटर १८ इंच, त्यातून दोन उभ्या पट्ट्या वजा जाता आत साडेतेरा इंच. दोन्ही बाजूंना तीन-तीन सूत खाच, म्हणजे खाचेच्या तळापासून तळापर्यंत सव्वाचौदा इंच, ३६२ मिलिमीटर. पॅनल कापलं होतं ३६० मिलिमीटर. म्हणजे दोन्हीकडची मिळून मोकळी जागा जेमतेम दोन मिलिमीटर, अर्ध्या सुताहून थोडी जास्त. मेमध्ये लाकडात ९ टक्के ओलावा होता असं धरू, जुलैत माझ्या मीटरने १४ दाखवला. वाढ ५ टक्के. सपाट चिरलेलं सागवान दर टक्क्याला रुंदीच्या ०.००१८६ पट फुगतं:

३६० × ०.००१८६ × ५ = ३.३ मिलिमीटर

सरळ रेघांचं ०.००१०१ पट:

३६० × ०.००१०१ × ५ = १.८ मिलिमीटर

दोनच्या जागेत १.८ कसंबसं मावलं, म्हणून सात वाचली. दोनच्या जागेत ३.३ मावायचं नव्हतं. उरलेलं साधारण सव्वा मिलिमीटर दोन्ही उभ्या पट्ट्यांनी वाटून घेतलं आणि प्रत्येक खांद्याशी दोन पोस्टकार्ड जातील एवढी फट पडली. माण तालुक्यातल्या दहिवडीला तीच शटरं कदाचित आयुष्यभर टिकली असती. आपल्या एका जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. वर्कशॉप कुठे आहे हे न बघता शटर कुठे जाणार ते विचारावं लागतं.

दाटलेलं शटर कसं मोकळं केलं

कुसू तोडून सांधे उघडायचे नाहीत. मागच्या बाजूने जायचं. ट्रिमरला सरळ बिट आणि कडेचा गाइड लावून खाचेचा मागचा ओठ चारही बाजूंनी काढून टाकला. बिट सुरुवातीला थोडंच खोल ठेवा आणि दोन-तीन फेऱ्यांत दोन सुतांपर्यंत उतरा, नाहीतर पॅनलची मागची बाजू खरवडली जाते. कोपऱ्यात बिटचा गोलवा राहतो, तो पटाशीने चौकोनी केला. पुढच्या पॉलिशवर ब्लेड फिरवून पॅनल मागे काढून घेतलं.

ते जुलैचं फुगलेलं पॅनल होतं, म्हणून मेचा हिशेब इथे लावायचा नाही. रंध्याने दोन्ही कडा मिळून साधारण एक सूत काढला, रुंदी ३६० वर आणली. फुगलेलं असताना दोन मिलिमीटर मोकळी जागा राहिली, उन्हाळ्यात ती पाचाच्या पुढे जाईल. तरी पुढच्या ओठामागे प्रत्येक बाजूला सहा-सात मिलिमीटर लाकूड राहतं, पॅनल बाहेर पडत नाही. मागे दोन सूत जाड सागवानी पट्ट्या बसवल्या. त्यांचे बारीक खिळे तिरके, फ्रेमच्या दिशेने मारायचे. पॅनलमध्ये एकही खिळा गेला तर सगळी मेहनत वाया. उघडलेले सांधे आधी साफ करून, गोंद घालून, पॅनल बाहेर असतानाच क्लॅम्प करून घेतले होते. हा क्रम उलटा केला तर पुन्हा कोपऱ्यात गोंद.

नवं शटर जोडताना

त्याच मापाचं शटर मी मेमध्ये बनवलं तर पॅनल चौदा इंचाचं कापतो, दोन्हीकडे एकेक सूत मोकळा. ऑगस्टमध्ये बनवलं तर चौदा इंच एक सूत, म्हणजे दोन्हीकडे अर्धा-अर्धा. उंचीत एकूण अर्धा सूत सोडला की झालं.

कुसू खाचेच्या खोलीपेक्षा केसभर आखूड ठेवा. ते तळाला टेकलं तर खांदा मिटत नाही, आणि मग आपण उगाच पॅनलला दोष देत बसतो. म्हणून सुकी जोडणी दोनदा करा: आधी पॅनलशिवाय, मग पॅनलसकट. पहिल्यात खांदे मिटले आणि दुसऱ्यात नाही, तर पॅनल मोठं आहे, हे गोंद लावायच्या आधीच कळतं.

पॅनलला पॉलिश जोडणीआधी करा, खाचेत जाणाऱ्या कडांसकट. मग पॅनलचे चारही कोपरे दोन-दोन सूत तिरके छाटा. खाचेत असल्याने बाहेरून दिसत नाहीत, आणि कुसवाकडून आलेल्या गोंदाला समोर लाकूडच सापडत नाही. छाटलेल्या कोपऱ्यांवर मेणबत्ती घासा. गोंद कुसवाच्या दोन्ही गालांवर पातळ लावा, पण पॅनलकडच्या कडेपासून दोन सूत कोरं सोडा. खाचेत गोंद अजिबात ओतू नका, कुसू आत शिरताना तो गोंद पुढे ढकलतं. मेच्या दुपारी फेव्हिकॉलवर पाच-सात मिनिटांत साय धरते, म्हणून चारही पट्ट्या हाताशी, क्लॅम्प उघडून तयार.

क्लॅम्प आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले की लगेच तळव्याने पॅनल सरकवून बघा. या घडीला चिकटलेलं असेल तर ओल्या गोंदातून सुटतं, उद्या सुटणार नाही. पॅनल खडखडू नये म्हणून मी उभ्या खाचेत सोफ्याच्या मऊ फोमचे छोटे तुकडे ठेवतो. सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठेवून बघितले होते. ते दबत नाहीत आणि पावसाळ्यात पॅनलइतकेच ढकलतात.

कुठे थांबायचं

शटर सपाट ओट्यावर उलटं ठेवा आणि समोरासमोरचे कोपरे दाबा. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त डुगडुगलं तर फ्रेमच पिळली आहे. ती घरी सरळ होत नाही, क्लॅम्प लावून जबरदस्ती केली तर सांधे जातात. सुताराला बोलवा आणि नवी फ्रेम करून घ्यायची तयारी ठेवा.

पॅनल तडकलं असेल आणि ते अडकलेलंही असेल, तर तड्यात गोंद भरून क्लॅम्प करू नका. तडा मिटेल, पण पुढच्या उन्हाळ्यात शेजारी दुसरा पडेल. आधी पॅनल सुटायला हवं. ते वर सांगितलेल्या ब्लेडने सुटलं नाही तर ट्रिमर चालवायचा सराव असलेल्या माणसाकडे द्या. ट्रिमर शिकायचं ठिकाण म्हणजे तुमच्या पॉलिश केलेल्या शटरचा दोन सुतांचा ओठ नव्हे.

तीन फुटांहून उंच वॉर्डरोबचं दार भरीव पॅनल आणि आखूड कुसवावर असेल आणि सांधे सुटले असतील, तर पॅनल मोकळं करून भागणार नाही. इतक्या वजनाला तीन सुतांचं कुसू पुरत नाही. तिथे खोल साल-कुसू किंवा डॉवेल घालून सांधाच नव्याने करावा लागतो.

लाकडातून पिठासारखा भुगा पडत असेल तर आधी कीडनियंत्रणवाला, मग सुतार. जुन्या वाड्याचं नक्षीदार दार असेल तर ब्लेडही लावू नका.

आणि पुरात भिजलेली शटरं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या कृष्णेच्या पुरानंतर सांगलीहून ओळखीतून बरीच आली होती. लोकांना पंधरा दिवसांत दुरुस्ती हवी होती. मी बिजागऱ्या काढून ती सावलीत, मधे काड्या ठेवून रचून ठेवली आणि फेब्रुवारीपर्यंत हात लावला नाही. निम्म्यांचे सांधे वाळल्यावर इतके मिटले की नुसतं गोंद-क्लॅम्पवर भागलं. भिजलेलं असतानाच ज्यांच्या पॅनलच्या कडा मी एका घाईच्या गिऱ्हाइकासाठी रंधून दिल्या, ती दोन शटरं मात्र मार्चमध्ये परत आली. पॅनल एवढं आकसलं होतं की एका बाजूने खाचेतून बाहेर पडून आत लोंबत होतं.